क्रीपच्या आकड्यांतून n साडेआठ आणि Q साडेचारशे: गणित चुकलं की मिश्रधातूच असा?

अनुजा_धातू

नमस्कार. मी धातुशास्त्रात एम.टेक. करतेय. टर्बाइन ब्लेडसाठी वापरतात तशा एका निकेल मिश्रधातूच्या क्रीप चाचण्यांचे आकडे आम्हाला विश्लेषणासाठी दिले आहेत. तीन स्ट्रेस, दोन तापमानं, आणि प्रत्येक चाचणीतला सर्वांत कमी क्रीप दर. दर प्रति सेकंद आहेत, सगळ्यांना 10⁻⁹ ने गुणायचं:

```
σ (MPa)    850 °C    900 °C
 250         1.0      10.3
 300         5.1      40
 350        17.3     117
```

मी नेहमीचं समीकरण वापरलं:

```
ε̇ = A σ^n exp(−Q/RT)
```

८५० अंशांच्या आकड्यांचा लॉग-लॉग ग्राफ काढला तर स्लोप साधारण ८.५ येतो. ३०० MPa च्या ओळीतले दोन दर घेऊन Q काढला तर ४५० kJ/mol च्या आसपास. शुद्ध निकेलसाठी मात्र n पाचच्या जवळ आणि Q सुमारे २८४ वाचलंय, आणि हा Q निकेलच्या सेल्फ-डिफ्यूजनच्या ऊर्जेइतकाच असतो, असंही. मिश्रधातूतही निकेलच जास्त आहे, मग इतका फरक का? गणित दोनदा तपासलं. माझं चुकतंय कुठे?

कडबोळे_२

तापमान केल्विनमध्ये घेतलंय ना? पहिली शंका तीच.

अनुजा_धातू

हो, ११२३ आणि ११७३.

रंधा

n तीन ते आठ म्हणजे डिसलोकेशन क्रीप, एक म्हणजे डिफ्यूजन क्रीप. तुझा त्याच्याही वर गेलाय, म्हणजे तू पॉवर लॉ मोडतो त्या भागात आहेस. स्ट्रेस फार वाढला की दर घातांकी पद्धतीने वाढायला लागतो आणि n फुगतो. १०० MPa च्या आसपास चाचण्या घे, n पाचवर येईल आणि Q पण आपोआप २८४ वर येईल. आकडे ठीक आहेत, रेंज चुकली आहे.

वाफेचा_माणूस

धागा वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे हाच त्रास चालू आहे. बॉयलरच्या सुपरहीटर ट्यूब फुगतात आणि लांबीच्या दिशेने फाटतात. आतून ऑक्साइडचा जाड थर निघतो. वाफेचं तापमान मीटरवर कायम मर्यादेतच दिसतं, तरी फुगतात. हा क्रीपच ना? आणि n किती धरायचा?

जुनी_भट्टी

अनुजा, तुझं गणित बरोबर आहे. माझी बरीच वर्षं ब्लेडच्या मिश्रधातूंच्या चाचण्यांत गेली, असे आकडे नेहमी येतात. या मिश्रधातूंत n आठ-दहाच्या वर आणि Q सेल्फ-डिफ्यूजनच्या दीडपट-दुप्पट येणं यात नवल नाही. नवल वाटायला हवं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती तुझ्या तक्त्यात आहे.

एकच सरासरी स्लोप काढू नकोस. दोन-दोन बिंदूंमधला वेगळा काढ. ८५० अंशांना २५० ते ३०० मध्ये n जवळपास नऊ येतो, ३०० ते ३५० मध्ये आठच्या किंचित खाली. म्हणजे स्ट्रेस वाढतोय तसा n घटतोय. ९०० अंशांनाही तसंच, साडेसातवरून सातच्या खाली.

रंधा म्हणतात तो पॉवर लॉ मोडण्याचा प्रकार खराच आहे, शुद्ध निकेल इतक्या स्ट्रेसला नक्की तिथेच असतं. पण तिथे स्ट्रेसबरोबर n वाढतो, ग्राफ वरच्या बाजूला वळतो. इथे तो उलटा वळलाय. त्यामुळे या आकड्यांना ते कारण लागू पडत नाही.

आता Q तिन्ही ओळींसाठी काढ आणि इथे लिही.

अनुजा_धातू

काढला. २५० ला साधारण ५११, ३०० ला ४५१, ३५० ला ४१९. मी एकाच ओळीवर थांबले होते. हा स्थिरांक असायला हवा ना?

जुनी_भट्टी

असायला हवा, पण नाहीये, आणि सगळं उत्तर त्यातच आहे.

शुद्ध निकेलमध्ये डिसलोकेशनच्या वाटेत मुख्यतः इतर डिसलोकेशनच येतात. त्यांना ओलांडायला त्याला वर चढावं लागतं, चढायला व्हेकन्सी लागतात, आणि व्हेकन्सी किती वेगाने येतात-जातात हे डिफ्यूजन ठरवतं. म्हणून Q डिफ्यूजनचा येतो.

ब्लेडच्या मिश्रधातूत गॅमा प्राइमचे घन एकमेकांना लागून रचलेले असतात, आधुनिक मिश्रधातूंत तर साठ-सत्तर टक्के जागा त्यांचीच. त्यांच्यामधल्या अरुंद बोळांतून डिसलोकेशनला वाकून पुढे सरकायचं असतं. नुसत्या त्या शिरकावासाठी काही स्ट्रेस खर्च होतो. त्याला थ्रेशोल्ड म्हण. क्रीप घडवायला उरतो तो लावलेल्या स्ट्रेसमधून थ्रेशोल्ड वजा जाऊन.

समज, ८५० अंशांना थ्रेशोल्ड १२० आहे. २५० लावलेस तर कामाचे उरले १३०. ३५० लावलेस तर २३०. तुझ्या हिशेबात स्ट्रेस १.४ पट झाला, डिसलोकेशनला तो १.७७ पट जाणवला. १.७७ चा पाचवा घात सतरा, तुझ्या तक्त्यातही १.० वरून १७.३ झालंय. घातांक मुळात पाचच आहे. तो १.४ पटीवर लादल्यामुळे साडेआठ दिसला.

Q चंही तसंच. ५० अंश वाढवल्यावर डिफ्यूजन वाढलं, सुमारे ३.६६ पट. पण तेवढ्यात गॅमा प्राइम थोडं विरघळलं, मऊ पडलं, आणि थ्रेशोल्डही १२० वरून ९० वर आला असं धर. ३०० MPa ला कामाचा स्ट्रेस १८० होता, तो २१० झाला. त्याच्या पाचव्या घाताने दर आणखी २.१६ पट. दोन्ही मिळून जवळजवळ आठ पट. तू या सगळ्या वाढीचं श्रेय Q ला दिलंस, म्हणून तो फुगला. कमी स्ट्रेसला थ्रेशोल्डमधली घट जास्त जाणवते, म्हणून तिथे Q सर्वांत मोठा दिसतो.

पडताळणी सोपी आहे. दराचं पाचवं मूळ काढ आणि सरळ स्ट्रेससमोर मांड, लॉग नको. रेषा सरळ आली तर ती जिथे शून्याला टेकते तो थ्रेशोल्ड.

अनुजा_धातू

आत्ताच काढलं. ८५० ची रेषा १२० ला टेकते, ९०० ची ९० ला. दोन रेषांच्या स्लोपचं गुणोत्तर १.२९६, त्याचा पाचवा घात ३.६६, त्यातून Q २८४ येतो! मला खरंच विश्वास बसत नाहीये.

स्पर्शिका

अनुजा, जरा थांब. बिंदू इतके चोख रेषेवर बसतात याचा अर्थ हे आकडे शिकवण्यासाठी तयार केलेले आहेत. खऱ्या चाचण्यांत एकाच स्ट्रेसला दोन नमुने लावले तरी दर सहज दुपटीने वेगळा येतो.

आणि माझा खरा आक्षेप जुनी_भट्टींच्या पद्धतीवर आहे. पाच हा घात तुम्ही आधीच गृहीत धरलात, मग मूळ काढलंत, मग रेषा पाचालाच जुळली. मी चार घेऊन पाहिलं. रेषा अगदी किंचित वाकते, पण खऱ्या चाचणीतल्या विखुरणीत ते वाकणं कुणाला दिसणार नाही. थ्रेशोल्ड येतात १५४ आणि १३१, आणि Q येतो ३२० च्या आसपास. तोही डिफ्यूजनच्या पंगतीत खपून जाईल. तीन बिंदूंवर दोन्ही उत्तरं तितकीच पटतात. मग थ्रेशोल्ड हे पदार्थाचं मोजलेलं वैशिष्ट्य, की Q मनासारखा येईपर्यंत फिरवायचा स्क्रू?

जुनी_भट्टी

आक्षेप मान्य. नुसत्या दरांवरून n आणि थ्रेशोल्ड एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. थ्रेशोल्ड वेगळ्या वाटेने मोजायला हवा. एक वाट म्हणजे चाचणी चालू असताना स्ट्रेस एकदम कमी करायचा. थोडा कमी केला तर नमुना हळू का होईना पुढेच लांबतो. खूप कमी केला तर काही काळ उलटा आखडतो. या दोहोंमध्ये ज्या घटीला तो क्षणभर थबकतो, तिथे आतला विरोध आणि उरलेला स्ट्रेस बरोबरीत आले असं मानतात. पण त्या आकड्यात गॅमा प्राइमचा विरोध किती आणि डिसलोकेशनच्या जाळ्याचा किती, हे निवडणं अवघड जातं. मी केलेल्या अशा चाचण्यांत उत्तर किती वेळ वाट पाहिली यावरही हलायचं.

स्पर्शिका

म्हणजे तो स्क्रू नसला तरी ज्याच्या खुणा पुसट झाल्यात असं उपकरण आहे. माझं मत तिथेच राहील. अहवालात थ्रेशोल्ड लिहायचा तर चार आणि पाच दोन्ही घातांचे निकाल शेजारी-शेजारी दिले पाहिजेत.

नवी_पाटी

मूळ प्रश्नाआधीचा प्रश्न विचारते. हा दर 'स्टेडी स्टेट' आहे हे ठरवलं कुणी? मी पाहिलेल्या क्रीपच्या वक्रांत सरळ भाग असा नव्हताच. दर घटत गेला, तळाला टेकला आणि लगेच वाढायला लागला.

जुनी_भट्टी

फार महत्त्वाचं विचारलंत. शुद्ध धातूत डिसलोकेशन जितकी जन्मतात तितकीच मरतात, म्हणून दर बराच काळ स्थिर राहतो. ब्लेडच्या मिश्रधातूंत हा तोल बहुधा येत नाही. सुरुवातीला बोळांत हलणारी डिसलोकेशन मोजकीच असतात, पुढे वाढत जातात, आणि त्यांच्याबरोबर दरही वाढत जातो. तुमच्या वक्रातला तळ म्हणजे दोन उतारांमधला एक क्षण. म्हणून अनुजाने 'सर्वांत कमी दर' लिहिलं ते योग्यच, त्याला स्टेडी स्टेट म्हणू नये.

त्यात लोड स्थिर ठेवून चाचणी केली तर आणखी भर. नमुना लांबतो तसा बारीक होतो, आणि खरा स्ट्रेस वाढतो. पाच टक्के स्ट्रेनला स्ट्रेस पाच टक्क्यांनी वर. n साडेआठ असेल तर एवढ्यानेच दर दीडपट. अँड्रेडने १९१० मध्ये लोडऐवजी स्ट्रेस स्थिर राहील अशी मांडणी केली ती याच कारणाने.

आणखी एक सापळा. कमी स्ट्रेसच्या चाचण्या लांबतात, आणि भट्टी दुसऱ्याला हवी असते. तळ यायच्या आधीच चाचणी थांबवली तर जो दर नोंदला जातो तो अजून घसरतच असलेला, म्हणजे खऱ्यापेक्षा मोठा. कमी स्ट्रेसचे बिंदू वर उचलले जातात आणि n खोटाच लहान येतो. कुणी मला दर दाखवला की मी आधी स्ट्रेन-वेळ वक्र मागतो.

कडबोळे_२

प्रयोगशाळेत भट्टीसाठी रांग लावलेल्या प्रत्येकाने वरचा परिच्छेद फ्रेम करून लावावा.

वाफेचा_माणूस

माझं राहिलंच. n किती धरू?

नवी_पाटी

दादा, तुमच्या ट्यूब स्टीलच्या आहेत, इथले आकडे निकेल मिश्रधातूचे, ते उचलू नका. पण आतला थर हा तुमचा धागा आहे. ऑक्साइडमधून उष्णता कमी जाते, म्हणून वाफ मर्यादेत असली तरी बाहेरची धातूची भिंत जास्त तापते. मीटर वाफेचं तापमान दाखवतं, भिंतीचं नाही. शिवाय बाहेरून भिंत दहा टक्के झिजली तर परिघाच्या दिशेचा स्ट्रेस साधारण अकरा टक्क्यांनी वाढतो, n पाच धरला तरी दर सुमारे १.७ पट. थराची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घेता येते, आणि फाटलेल्या जागेजवळचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. ग्रेन बाउंड्रीवर पोकळ्यांच्या माळा दिसल्या तर क्रीपचा पुरावा मिळाला.

वाफेचा_माणूस

जाडी मोजलेली नाही. तुकडा मात्र ठेवलाय. धन्यवाद.

रंधा

माझा वरचा सल्ला मागे घेत नाही, कारण १०० MPa ची चाचणी हवीच. पण एक विचारतो. Q दोन निघाले, ४५० चा आणि २८४ चा. ब्लेडचं आयुष्य काढणाऱ्याने कुठला वापरायचा? ८५० ऐवजी ब्लेड ८६५ ला चाललं तर?

जुनी_भट्टी

छान प्रश्न. २८४ घेतला तर १५ अंशांनी दर दीडपट होतो. ४५० घेतला तर १.९ पट. आयुष्य साधारण दराच्या उलट चालतं, म्हणजे जवळपास निम्मं.

ब्लेडवरचा स्ट्रेस मुख्यतः फिरण्याच्या वेगाने ठरतो, आणि तापमान वाढलं म्हणून वेग काही बदलत नाही. म्हणजे स्ट्रेस तोच, फक्त तापमान वेगळं. अनुजाच्या तक्त्याच्या एका ओळीत नेमकं तेच मोजलंय. तेव्हा ३०० MPa च्या जवळ असाल तर ४५० चाच वापरा. भौतिकी म्हणून तो मिश्र आकडा आहे, पण त्यात थ्रेशोल्डची घट आधीच मोजून आलीय. २८४ वापरणारा ती घट विसरेल आणि आयुष्य जास्त सांगेल. २८४ वापरायचाच तर तापमानानुसार बदलणारा थ्रेशोल्ड सोबत हवा.

स्पर्शिका

इथे आपण एकमत. मोजलेल्या खिडकीच्या आत फुगलेले आकडेच खरे. माझी भीती खिडकीबाहेरची आहे. ब्लेडच्या मुळाशी स्ट्रेस सर्वांत जास्त, पण ते तुलनेने थंड असतं. वर जावं तसा स्ट्रेस कमी होतो, कारण ओढणारं वस्तुमान वर कमीच उरतं, आणि तापमान मात्र मधल्या भागात चढलेलं असतं. म्हणून क्रीपचं नुकसान बहुधा मधल्या उंचीवर होतं, आणि तिथला स्ट्रेस चाचणीतल्यापेक्षा खालचा.

८५० अंशांनाच १५० MPa चा दर काढून बघा. साडेआठचा घात २५० पासून खाली ओढला तर दर 1.3×10⁻¹¹ येतो. थ्रेशोल्ड १२० आणि घात पाच घेतला तर 6.5×10⁻¹³. दहा हजार तासांत पहिल्याने ०.०५ टक्का स्ट्रेन, दुसऱ्याने ०.००२. वीस पटींचा फरक, आणि दोन्ही सूत्रं तक्त्यातल्या बिंदूंतून जातात. १०० MPa ला तर दुसरं सूत्र सांगतं क्रीप होणारच नाही. यावर मी ब्लेड बसवणार नाही.

रंधा

आणि तिथेच माझा n एक येतो. थ्रेशोल्डखाली डिसलोकेशन थांबली तरी अणू ग्रेन बाउंड्रीवरून वाहतातच. कोबलने दाखवलेला प्रकार. तो थांबत नाही.

जुनी_भट्टी

ग्रेन असलेल्या मिश्रधातूत, हो. कोबल क्रीपचा दर ग्रेनच्या आकाराच्या तिसऱ्या घाताच्या उलट असतो, म्हणून बारीक ग्रेन तिथे घातक. एकस्फटिकी ब्लेडमध्ये बाउंड्रीच नसते, ती वाट बंद. अनुजा, तुमचा नमुना कुठला आहे?

अनुजा_धातू

प्रश्नपत्रिकेत फक्त 'ओतीव' लिहिलंय. एकस्फटिकी असल्याचं कुठे नाही.

जुनी_भट्टी

मग बाउंड्री आहेत असं धर. आणि थ्रेशोल्डखाली शून्य हे माझंही मत नाही. हजारो तासांत गॅमा प्राइमचे घन मोठे होतात, बोळ रुंद होतात, थ्रेशोल्ड स्वतःच खाली सरकतो. म्हणजे १२० हा आकडा शंभर तासांच्या चाचणीचा असेल तर दहा हजार तासांनंतर तो १२० राहणार नाही.

अनुजा_धातू

मग अहवालात लिहू काय? परवा द्यायचाय.

स्पर्शिका

दृश्य n आणि दृश्य Q, त्यांच्यापुढे स्ट्रेस आणि तापमानाची पट्टी. n स्ट्रेसबरोबर घटतो आणि Q सुद्धा घटतो हे आकड्यांनिशी दाखव. मग थ्रेशोल्ड, घात चार आणि पाच दोन्हींसाठी. २५० च्या खालच्या स्ट्रेससाठी एकही आकडा देऊ नकोस.

जुनी_भट्टी

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. डिझाइनवाला तो आकडा मागतोच, आपण नाही दिला तर तो स्वतः रेषा लांबवेल. दोन्ही सूत्रांची उत्तरं दे, त्यांत वीस पट अंतर आहे हे लिही, आणि ते मिटवायला ८५० अंशांना १८० MPa ची एक चाचणी पुरेशी लांब चालवावी असं सुचव. साडेआठच्या घाताने तिथला दर 6×10⁻¹¹ येतो, थ्रेशोल्डच्या सूत्राने 2×10⁻¹¹. तिप्पट फरक आहे, विखुरणीतून जेमतेम दिसेल.

स्पर्शिका

जेमतेम. म्हणून मी एकाऐवजी तीन नमुने मागेन, आणि तळ येईपर्यंत कुणी भट्टी बंद करणार नाही अशी अट घालेन.

नवी_पाटी

2×10⁻¹¹ म्हणजे हजार तासांत ०.००७ टक्का. पन्नास मिलिमीटर गेज लांबीवर साडेतीन मायक्रॉन. भट्टीचं तापमान दोन अंशांनी हललं तरी नमुना प्रसरणाने त्याच्या जवळपास निम्मा हलतो. तेव्हा नमुन्यांच्या संख्येआधी एक्स्टेन्सोमीटर आणि भट्टीची स्थिरता विचारा.

जुनी_भट्टी

बरोबर. तसं असेल तर २१० MPa ला चालवा. दर जास्त येईल, पण दोन सूत्रांमधला फरक दीडपटीपर्यंत घसरेल. कुठे थांबायचं ते तिथल्या उपकरणावर ठरेल.

अनुजा_धातू

एक्स्टेन्सोमीटर किती मायक्रॉनपर्यंत वाचतो ते उद्या विचारून इथे लिहिते.